रेकॉर्ड डेटच्याच दिवशी शेअर घेतला, तरी लाभांश का मिळाला नाही? एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट यांत फरक काय, आणि लाभांश दिल्यावर भाव का पडतो?

कारण त्या दिवशी आपण शेअर विकत घेतला असला, तरी तो आपल्या डीमॅट खात्यात आला नव्हता. रेकॉर्ड डेट म्हणजे ज्या दिवशी कामकाज संपल्यावर भागधारकांची यादी पाहून लाभांशाचे हक्कदार ठरवले जातात तो दिवस. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर लाभांशाच्या हक्काशिवाय विकला जातो तो दिवस. पहिली तारीख कंपनी ठरवते, तर दुसरी शेअर बाजाराच्या सौदापूर्तीच्या नियमातून आपोआप निघते.

टीसीएसचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीने प्रति शेअर १० रुपये अंतरिम आणि ६६ रुपये विशेष, असा एकूण ७६ रुपये लाभांश जाहीर केला. रेकॉर्ड डेट शुक्रवार, १७ जानेवारी होती आणि रक्कम जमा होण्याची तारीख ३ फेब्रुवारी. आपल्याकडे सौद्याची पूर्तता पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते, यालाच टी+१ म्हणतात. म्हणजे गुरुवारी, १६ तारखेला घेतलेला शेअर शुक्रवारी खात्यात आला आणि घेणाऱ्याचे नाव यादीत लागले. शुक्रवारी घेतलेला शेअर मात्र सोमवारी, २० तारखेला आला, तोवर यादी तयार झालेली होती. त्यामुळे त्या खरेदीचा लाभांश विकणाऱ्याकडे गेला. याच न्यायाने ज्याने शुक्रवारी सकाळी शेअर विकले, त्यालाही लाभांश मिळाला, कारण विकलेले शेअर खात्यात ‘ब्लॉक’ दिसत असले तरी त्या रात्री ते त्याच्याच नावावर होते.

म्हणूनच आता एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट बहुधा एकाच दिवशी येतात. टी+२ असताना, म्हणजे पूर्तता दोन कामकाजाच्या दिवसांनी होत असताना, एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या एक कामकाजाचा दिवस आधी असे. २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअर टी+१ वर आले, पण जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजूनही ‘एक्स-डेट एक दिवस आधी’ असेच सांगितलेले आढळते, आणि बराचसा गोंधळ तिथूनच येतो. लक्षात ठेवायचे ते इतकेच की खरेदी एक्स-डेटच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत झालेली असली पाहिजे.

आता भावाकडे वळू. येथे आपल्या प्रश्नातच एक दुरुस्ती करावी लागेल : भाव लाभांश ‘दिल्यावर’ नव्हे, तर एक्स-डेटला बाजार उघडतानाच उतरतो. टीसीएसचे सुमारे ३६२ कोटी शेअर आहेत, त्यामुळे ७६ रुपयांच्या हिशेबाने साधारण साडेसत्तावीस हजार कोटी रुपये कंपनीबाहेर जाणार होते. गुरुवारी शेअर घेणारा कंपनी अधिक ७६ रुपये विकत घेत होता, तर शुक्रवारी घेणाऱ्याला तीच कंपनी त्या ७६ रुपयांवरच्या हक्काविना मिळत होती. असा ग्राहक आदल्या दिवसाचाच भाव का देईल? पैसे प्रत्यक्षात ३ फेब्रुवारीला गेले खरे, पण ते कोणाला जाणार हे १७ तारखेलाच ठरले होते, त्यामुळे ३ फेब्रुवारीच्या चढउताराचे कारण लाभांशात शोधण्यात अर्थ नाही.

घट बरोबर ७६ रुपयांची दिसेलच असे नाही. त्याच दिवशी बाजाराचा कल, कंपनीविषयीच्या बातम्या, मागणी-पुरवठा हे सारे त्यात मिसळते. चार हजारांहून अधिक भावाच्या शेअरवर ७६ रुपये म्हणजे दोन टक्क्यांहून कमी, आणि इतकी हालचाल एरवीही होते. पंधराशेच्या शेअरवर दोन रुपयांचा लाभांश असेल, तर घट डोळ्यांना जाणवतही नाही.

‘आदल्या दिवशी घ्या, लाभांश मिळवा आणि दुसऱ्या दिवशी विका’ हा बेत फसतो तो याचमुळे, आणि वर कर लागतो तो वेगळाच. समजा, शेअर ४,२०० ला घेतला, एक्स-डेटला तो नेमका ७६ ने उतरला आणि आपण तो ४,१२४ ला विकला. हातात ७६ रुपये आले, ७६ रुपये गेले. पण लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यातून २२ रुपये ८० पैसे जातात, उपकर वेगळा. उलट ७६ रुपयांचा तोटा हा अल्पकालीन भांडवली तोटा असल्याने तो या लाभांशातून वजा करता येत नाही, फक्त भांडवली नफ्यातून करता येतो. तसा २० टक्के कराचा नफा हाताशी असला तरी १५ रुपये २० पैसेच वाचतात, आणि दलाली व शेअरच्या सौद्यावर लागणारा एसटीटी हा कर तर अजून धरलेलेच नाहीत.