‘पैसे जमा झाल्यावर’ नेमकं काय?

ताई, हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगचं ऑफिस मी पाहतो. घाईत व्यापाऱ्याला मेल केला: ‘१०० गाठी तयार आहेत, गाडी सोमवारी भरून देऊ, पैसे जमा झाल्यावर, सरकीही उचलता येईल, कळवा.’ सोमवारी गाडी दारात, पैसे नाहीत. तो म्हणतो, तुम्हीच तसं लिहिलं.

त्याचं म्हणणं खोडता येत नाही. ‘पैसे जमा झाल्यावर’ हे तुकडं दोन स्वल्पविरामांच्या मधे लोंबकळतंय. तुम्ही ते मागच्या गाडीला जोडलं, त्यानं पुढच्या सरकीला. आपण बोलताना असं मागून जोडतोच, ‘देतो ना भाऊ, पैसे आल्यावर’, आणि आवाजावरून ते कळतं. मेलमध्ये आवाज जात नाही.

पाठवण्याआधी फक्त क्रियापदं शोधा. ‘आहेत’, ‘देऊ’, ‘येईल’, ‘कळवा’ इथं विधान पुरं होतं. तिथं पूर्णविराम द्या, नाहीतर ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ असा जोड द्या. ‘झाल्यावर’नं विधान पुरं होत नाही, ते ज्या क्रियापदाचं आहे, त्याच्या आधी, त्याच वाक्यात बसवा:

‘१०० गाठी तयार आहेत. शनिवारपर्यंत पैसे जमा झाले, तरच गाडी सोमवारी भरून देऊ. सरकीही त्याच वेळी उचलता येईल. पैसे कधी टाकता ते कळवा.’

‘झाले’नंतर स्वल्पविराम चालला, कारण पुढं ‘तरच’ आहे. आणि ‘कळवा’ला आता काय कळवायचं तेही मिळालं. मूळ मेलमध्ये ते नव्हतंच.

वरुडहून संत्रा पाठवतो. इंग्रजी मेलमधलं ‘द ट्रक लेफ्ट टुडे, इट विल रीच ऑन मंडे’ हे चूक कसं? मराठीत तर असंच लिहितो.

मराठीत ‘गाडी आज निघाली, सोमवारी पोहोचेल’ खपून जातं. इंग्रजीच्या व्यवहारी लेखनात मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडणं ही चूक धरतात. तिला कॉमा स्प्लाइस म्हणतात. कॉमा काढून टाकला तर सुटका नाही, ते रन-ऑन होतं. ‘टुडे’नंतर फुलस्टॉप द्या, किंवा कॉमा ठेवून पुढं ‘अँड’ लिहा. सेमीकोलनही चालतो, पण घाईच्या मेलात मी तरी फुलस्टॉपच देते.

खरे फसतात ते ‘हाउएव्हर’ला. अर्थानं तो ‘बट’चा भाऊ, पण ‘बट’सारखा दोन वाक्यं जोडत नाही. म्हणून ‘द ऑरेंजेस आर पॅक्ड, हाउएव्हर द ट्रक इज लेट’ चूक. ‘पॅक्ड’नंतर फुलस्टॉप, ‘हाउएव्हर’नंतर कॉमा. किंवा सरळ ‘बट’ लिहा, मेल लहानही होतो.

इतके पूर्णविराम दिले की मेल उर्मट वाटतो. गिऱ्हाईक दुखावलं तर?

तुटक वाटतो तो कारण गाळल्यामुळं. ‘गाडी उद्या येणार नाही. परवा येईल.’ हे खरंच कोरडं आहे. ‘आज पावसामुळं माल भरता आला नाही, म्हणून गाडी परवा येईल’ हे एकच वाक्य आहे, लांबही आहे, पण ‘म्हणून’नं नीट जोडलंय.