नव्या क्लायंटला पहिला मेल: मंजुरी कोण देणार ते आधी ठरवा

प्रश्न: नव्या क्लायंटसोबत वेबसाइटचं काम सुरू होतंय. पहिल्या मेलमध्ये काय काय लिहू?

सगळ्यात जास्त जागा मंजुरीला द्या, कारण काम अडतं ते तिथेच. एका कामात मार्केटिंगवाल्यांनी डिझाइन पास केलं, आम्ही पानं बांधली आणि मग मालकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. होमपेज पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून मी हे असंच लिहितो:

"अंतिम मंजुरी आपल्याकडून कोण देणार, ते एकच नाव कळवावे. डिझाइन पाठवल्यापासून ३ कामाच्या दिवसांत सर्वांचे बदल एकत्र करून त्यांनी एकाच मेलमध्ये पाठवावेत. बदलांच्या २ फेऱ्या ठरलेल्या रकमेत आहेत. उत्तराला उशीर झाल्यास पुढच्या तारखा तितक्याच दिवसांनी सरकतील."

"उत्तर न आल्यास मंजूर समजू" हे वाक्य मात्र टाळा. करारात ते नसेल तर वाद हमखास होतो.

भूमिकांसाठी दोन ओळी पुरतात: रोजचा संपर्क कोणाशी, काम कोण करणार. संपर्काचंही थोडक्यात लिहा: दर मंगळवारी अर्ध्या तासाचा कॉल, शुक्रवारी प्रगतीचा मेल. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं तरी निर्णय मेलवरच पक्का धरायचा.

मेलच्या शेवटी, काम सुरू करायला लागणाऱ्या गोष्टी मागा, पण तीनच: लोगोची मूळ फाइल, डोमेनचा अ‍ॅक्सेस, होमपेजचा मजकूर. प्रत्येकीपुढे तारीख आणि ती देणाऱ्याचं नाव हवं. पासवर्ड मेलवर मागू नका, आपल्याला वेगळा युजर म्हणून जोडायला सांगा.