जस्टिफिकेशनला 'समर्थन' की 'औचित्य'?

"टीममध्ये नवीन मुलगी आलीये, तिला टॅलीत अकाउंटंट लेव्हलचा ॲक्सेस द्या असा मेल आयटीला मराठीत टाकायचाय. जस्टिफिकेशनला समर्थन लिहू की औचित्य? आणि ॲक्सेस म्हणजे प्रवेश का?"

माझ्या मते दोन्ही नको. समर्थन आपण आधीच घेतलेल्या भूमिकेचं करतो, कुणी बोट दाखवलं की, त्यामुळे 'मागणीचे समर्थन' वाचलं की भांडण आधीच झालंय असं वाटतं. औचित्य म्हणजे ते करणं शोभतं का, प्रसंगाला धरून आहे का. विधानसभेत 'औचित्याचा मुद्दा' मांडतात तो त्याच अर्थाने. आयटीला यातलं काहीच नकोय, त्यांना एवढंच कळायला हवं की हे नसेल तर तिचं कुठलं काम अडतं. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, गरज. 'कारण' चालेल, पण 'नवीन रुजू झाल्या आहेत' हेही कारणच होतं आणि लोक तेवढं लिहून थांबतात. 'गरज' लिहिलं की पुढे काम लिहावंच लागतं.

प्रवेश दाराला नाहीतर कॉलेजला. इथे 'अधिकार' म्हणा, कारण अधिकार कशाचा हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. आमच्याकडे एकदा 'आधीच्या अकाउंटंटसारखा ॲक्सेस द्या' असा मेल गेला, आयटीने जुना रोल जसाच्या तसा चिकटवला, आणि नव्या मुलाला मागच्या तारखेची व्हाउचर टाकायचा आणि खोडायचाही अधिकार मिळाला. त्याच्याकडून मार्चची एक नोंद एप्रिलमध्ये बदलली गेली आणि बंद केलेला ताळेबंद हलला. 'सारखा' या एका शब्दाने घोळ केला. म्हणून क्रियापदं लिहा: बघणे, नोंदवणे, बदलणे, खोडणे. मी असं लिहीन:

"नमस्कार, आमच्या टीममध्ये सोमवारपासून रुजू झालेल्या सहकाऱ्यांना टॅलीत स्वतंत्र लॉगिन हवे आहे. अधिकार: खरेदी, विक्री व पेमेंटची व्हाउचर नोंदवणे व बदलणे, खातेवही बघणे. मागील तारखेच्या नोंदी फक्त 3 दिवसांपर्यंत. खोडण्याचा अधिकार नको. गरज: पुरवठादारांची बिले यापुढे त्याच नोंदवणार आहेत, सध्या त्या माझ्या लॉगिनवरून काम करत असल्याने एडिट लॉगमध्ये त्यांच्या नोंदींवर माझे नाव येते."

ते शेवटचं वाक्य काढू नका. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे उद्या ऑडिटरने विचारलं की ही नोंद कोणी बदलली तर लॉग तुमचं नाव सांगणार, तिचं नाही. आयटीला यापेक्षा पक्की गरज दुसरी सांगता येणार नाही.

'अकाउंटंट'चं लेखापाल मात्र करू नका. मेलमध्ये टॅलीतल्या रोलचं नाव द्यायचं झालं तर ते स्क्रीनवर जसं दिसतं तसंच ठेवा, नाहीतर आयटीवाला तो रोल शोधत बसेल.