‘आपलं पाहून घेऊ’ म्हणजे किती?

प्रश्न: वकीलसाहेब, मिहानमध्ये नोकरी लागल्यामुळे अमरावतीहून नागपूरला येतोय. मनीषनगरात एका ब्रोकरने फ्लॅट दाखवला. त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज असे: “२ बीएचके, १८ हजार, डिपॉझिट ५०, बाकी भेटल्यावर.” मग “ओनर आपला घरचाच माणूस आहे, रेटबद्दल त्यांच्याशी बोलू नका, मी करून देतो.” काल, “१० हजार टोकन टाका सर, दुसरी पार्टी उभी आहे. चाबी घेतली की आपलं पाहून घेऊ. अ‍ॅग्रीमेंट माझ्याकडूनच, ६ हजार. ११ महिन्यांनी रिन्युअलपण आपणच करू.” मी “ठीक आहे दादा” लिहिलं. टोकन अजून पाठवलेलं नाही. दलालीचा आकडा कुठेच नाही, मग ती द्यावी लागेल का? आणि उद्या त्याने भलतीच मागितली तर महारेराकडे तक्रार करता येईल का?

उत्तर: टोकन गेलेलं नाही हे बरं झालं. सगळं अजून तुमच्या हातात आहे.

आधी एक भ्रम काढून टाकू. आकडा लिहिला नाही म्हणून दलाली लागत नाही, असं होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ९ मध्ये वागण्यातून दिलेलं वचनही वचनच धरलं आहे. ब्रोकर पोटापाण्यासाठी हे काम करतो हे तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही त्याच्याकडून फ्लॅट पाहिलात आणि तो घेणार आहात. उद्या “दलालीचं बोलणंच झालं नव्हतं” म्हणालात तर ते टिकणं कठीण. पण आकडा ठरला नसेल तर त्याला वाटेल तेवढं मागता येत नाही. त्या भागात अशा व्यवहाराला जे रीतीने दिलं जातं तेवढंच वाजवी धरलं जाईल. नागपुरात भाड्याच्या घराला साधारण अर्ध्या ते एका महिन्याचं भाडं मागितलं जातं, म्हणजे तुमच्या बाबतीत ९ ते १८ हजार. या दोन आकड्यांमधली दरी ‘आपलं पाहून घेऊ’ या शब्दांत लपली आहे, आणि ती तुमच्या “ठीक आहे दादा”च्या आधारे वरच्या बाजूला सरकवली जाईल. तुमच्या “ठीक आहे”ने आकड्याला होकार मिळत नाही, कारण आकडाच नव्हता. मात्र ‘चाबी घेतली की’ हा मुहूर्त तुम्ही मान्य केलात, असं तो म्हणू शकतो. तो मुहूर्त वाईट नाही. वेगळं काही ठरलं नसेल तर कलम २१९ प्रमाणेही एजंटाचा मोबदला काम पुरं झाल्यावरच देय होतो. त्यामुळे टोकनमधून आधीच दलाली कापून घेण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही.

आता दुसरा मेसेज पाहा, कारण खरी गोम तिथे आहे. ‘ओनर घरचाच माणूस’ आणि ‘त्यांच्याशी बोलू नका’ ही दोन वाक्यं एकत्र आली की मी विचारते, हा माणूस काम कोणाचं करतोय? ओनरकडून कमिशन घेणं बेकायदा नाही, बरेच ब्रोकर दोन्हीकडून घेतात. पण जो स्वतःला तुमचा माणूस म्हणवतो, त्याने दुसरीकडूनही पैसे घ्यायचे तर तुम्हाला सांगायला हवं. शिवाय १८ हजार हा दर ओनरचाच आहे की वर काही चढवलेलं आहे, हे ओनरला न भेटता कळणार नाही. म्हणून ‘बोलू नका’ हे मानू नका. दर ओनरच्या तोंडून ऐका.

६ हजारांच्या अ‍ॅग्रीमेंटचा हिशेब करून पाहू. ११ महिन्यांचं भाडं १,९८,०००. त्यात डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवा, ११ महिन्यांचे सुमारे ४,६००. एकूण दोन लाखांच्या थोडं वर. त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. हाताळणी शुल्क धरूनही सरकारी भरणा ६ हजारांच्या जवळपास जात नाही. उरलेली रक्कम फॉर्म भरून आधारवर अंगठा घेणाऱ्याची, आणि ब्रोकरची. घरी येऊन काम करणाऱ्याने मेहनताना घ्यावा, हरकत नाही, पण तो वेगळा दाखवावा. आणि ‘११ महिन्यांचं आहे, नोटरी केली की झालं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्यामुळे हा खर्च निम्मा-निम्मा मागायला तुम्हाला पूर्ण जागा आहे.

‘रिन्युअलपण आपणच करू’ हे प्रेमाने लिहिलेलं वाक्य दर ११ महिन्यांनी पुन्हा दलाली मागण्याची पायाभरणी आहे. तुम्ही आणि ओनर थेट नवा करार करू शकता. त्यात ब्रोकरने काही केलं नसेल तर त्याला काही द्यायचं कारण नाही, फक्त आज त्या वाक्याला होकार देऊन ठेवू नका.

आता त्याला हा मेसेज पाठवा:

“दादा, टोकन टाकण्याआधी एवढं नक्की करू. तुमची दलाली एकूण ९ हजार, एकदाच, करार नोंदवून चाबी मिळाल्यावर. रिन्युअलची दलाली नाही. टोकन ओनरच्या खात्यावर टाकतो, ते डिपॉझिटमध्ये वळतं होईल, आणि त्यांच्याकडून व्यवहार मोडला तर पूर्ण परत. अ‍ॅग्रीमेंटचा सरकारी खर्च पावतीप्रमाणे, ओनर आणि मी निम्मा. ओनरकडूनही तुम्ही कमिशन घेता का, ते सांगा. हे मान्य असेल तर लिहा.”

यावर तो बहुतेक फोन करेल, लिहिणार नाही. फोन घ्या, घासाघीस करा, १२ हजारांवर आलात तरी हरकत नाही. पण फोन ठेवल्यावर “आत्ता बोलल्याप्रमाणे १२ हजार, एकदाच, चाबी मिळाल्यावर” असा एक मेसेज लगेच टाका. त्याने आक्षेप न घेता पुढे काम चालू ठेवलं तर ती तुमच्या बाजूची चांगली नोंद ठरते. ओनरच्या खात्याला तो तयारच नसेल आणि पैसे त्याच्याच नंबरवर हवे असतील, तर मी टोकन टाकणार नाही. ‘दुसरी पार्टी’ बहुधा प्रत्येक फ्लॅटला उभी असते.

महारेराचं उत्तर सोपं आहे: नाही. रेरा कायद्यातला एजंट प्रकल्पातल्या मालमत्तेच्या विक्री-खरेदीच्या व्यवहारातला आहे, तुमचा व्यवहार भाड्याचा आहे. पैसे घेऊन घर मिळालं नाही किंवा जास्त उकळले, तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेव्हा हेच मेसेज पुरावा असतील. चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा, फोन बदलू नका, आणि पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टात छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन जवळ असलेला बरा.

दलाली देताना यूपीआयनेच द्या, आणि रिमार्कमध्ये ‘दलाली, पूर्ण व अंतिम’ लिहा.