‘जेन एअर’वरचा प्रबंध आणि ‘हाच दृष्टिकोन का?’ हा प्रश्न

प्रश्न: माझा एम.ए.चा प्रबंध शार्लट ब्रॉन्टीच्या ‘जेन एअर’ या कादंबरीवर आहे, स्त्रीवादी समीक्षेच्या अंगाने. व्हायव्हात ‘उत्तर-वसाहतवादी दृष्टिकोन का नाही घेतला?’ असं विचारतील, असं गाईड म्हणतात. काय सांगू?

उत्तर:

विचारतीलच. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा या कादंबरीवर हा प्रश्न मीही विचारते. कुठला दृष्टिकोन श्रेष्ठ, हे मला ऐकायचं नसतं. तुम्ही जे सोडलंत ते वाचून सोडलंत की न वाचता, एवढंच पाहायचं असतं. ‘त्यावर खूप काम झालंय’ हे उत्तर तर सांगूच नका. स्त्रीवादी अंगाने या कादंबरीवर काय कमी लिहिलं गेलंय?

सुरुवात तुमच्या संशोधन-प्रश्नापासून करा. तुमचा प्रश्न मला माहीत नाही, पण समजा तो असा आहे: जवळ पैसा नसलेली, नोकरी करून जगणारी जेन स्वतंत्र कशी होते? मग पगार, लग्न आणि वारसा हे तिच्या बाजूने वाचावे लागतात, आणि ते काम स्त्रीवादी समीक्षा थेट करते. चोविसाव्या प्रकरणात तिचा मालक आणि होणारा नवरा रॉचेस्टर तिच्यासाठी रेशमी कापडं आणि दागिने घ्यायला निघतो. तिला ते अपमानास्पद वाटतं. आपले स्वतःचे थोडे तरी पैसे असावेत म्हणून ती मडेइरातल्या काकांना पत्र लिहायचं ठरवते. तुमच्या युक्तिवादासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

पण परीक्षक तुम्हाला पकडणारही इथेच. हे काका मडेइरातल्या फुंशालमध्ये मेसन घराण्याच्या पेढीचं काम पाहतात, आणि ते घराणं जमैका या ब्रिटिश वसाहतीतलं. रॉचेस्टरने घरात कोंडून ठेवलेली पहिली बायको बर्था याच घराण्यातली. जेनचं पत्र पोचतं तेव्हा बर्थाचा भाऊ तिथेच असतो. त्याला लग्नाची बातमी कळते आणि तो चर्चमध्ये येऊन लग्न थांबवतो. म्हणजे स्वातंत्र्यासाठी लिहिलेल्या पत्रामुळेच वसाहत कथेत शिरते. पुढे याच काकांचे २०,००० पौंड जेनला मिळतात. ती ते चौघांत वाटते आणि तिच्या वाट्याला ५,००० येतात. तिचं स्वातंत्र्य कुठल्या व्यापारावर उभं आहे, हा प्रश्न स्त्रीवादी चौकटीत आपोआप येत नाही. तो मुद्दाम आणावा लागतो.

बर्थाचंही तसंच. गिल्बर्ट आणि गुबार या स्त्रीवादी समीक्षकांनी १९७९ मध्ये तिला जेनच्या दडपलेल्या रागाचं रूप मानलं. लग्नाच्या तोंडावर बर्था जेनची लग्नातली ओढणी फाडते, ते जेनच्याच मनातली भीती म्हणून नीट वाचता येतं. उत्तर-वसाहतवादी समीक्षक गायत्री स्पिवाक यांनी १९८५ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: जेन ‘व्यक्ती’ व्हावी म्हणून बर्थाला माणूस आणि जनावर यांच्या सीमेवर ढकललं जातं. सव्विसाव्या प्रकरणात ती बंद खोलीच्या अंधाऱ्या टोकाला दिसते, तेव्हा हे जनावर आहे की माणूस तेच कळेना, असं जेन सांगते. ते वर्णन एकदा मोठ्याने वाचून पाहा. बर्था ही फक्त जेनचा आरसा आहे, असं तुमच्या प्रबंधात एखादं प्रकरणभर लिहिलं असेल, तर खरा धोका तिथे आहे.

म्हणून बोलताना साधारण असं म्हणा: ‘माझा प्रश्न जेनच्या आर्थिक स्वातंत्र्याचा होता, म्हणून स्त्रीवादी चौकट घेतली. ती चोविसाव्या प्रकरणातलं पत्र समजावते, पण त्या पत्राला उत्तर देणारा पैसा कुठून आला हे समजावत नाही. बर्थाच्या बाबतीतही ती अपुरी पडते. स्पिवाक यांचा आक्षेप मला मान्य आहे. पण बर्था केंद्रस्थानी घेतली असती, तर माझा प्रश्नच बदलला असता आणि जेनची नोकरी व पगार दुय्यम झाले असते.’

यावर बहुतेक पुढचा प्रश्न येतो: ‘मग दोन्ही एकत्र का नाही घेतले?’ इथे घाईने ‘हो, तसं करायला हवं होतं’ म्हणू नका. मिश्र चौकट सांगितली की ती प्रबंधात कुठल्या पानावर वापरली ते दाखवावं लागतं, आणि नसेल वापरली तर उत्तर तिथेच कोसळतं. दोन्ही समीक्षा एकाच वाक्यावर एकमेकींशी भांडतात, हे सांगणं जास्त खरं. बाराव्या प्रकरणात जेन गच्चीवर आणि तिसऱ्या मजल्यावर एकटी फिरण्याबद्दल सांगताना बायकांनाही पुरुषांसारख्याच भावना असतात असं म्हणते, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात ते विचित्र हसू ऐकल्याचं सांगते. ते घरातल्या ग्रेस पूल या नोकराणीचं आहे असं तिला वाटतं. असतं ते बर्थाचं. स्त्रीवादी वाचनात ते हसू जेनच्या बंडाला साथ देतं. उत्तर-वसाहतवादी वाचनात ते विचारतं की ‘बायका’ म्हणताना जेनने कोणाला मोजलं नाही.

व्हायव्हाला जाताना कादंबरीची प्रत हातात ठेवा आणि बारा, चोवीस, सव्वीस या प्रकरणांत खुणेच्या चिठ्ठ्या लावा. बोलण्यापेक्षा पान उघडून दाखवलंत, की प्रश्न बहुधा तिथेच थांबतात.