मोफत कार्यशाळेचा शब्द आधी मागे घ्या

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे. हॉटेल मॅनेजमेंट करून तिने तीन वर्षे एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी केली. आता ती सोडून कंपन्यांमध्ये ग्रूमिंगच्या कार्यशाळा घ्यायच्या म्हणते. बऱ्याच एचआर विभागांना ई-मेल पाठवले, एकाचेही उत्तर नाही. भोसरीत यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत माझी ओळख आहे. तेथे मी शब्द टाकला आणि पहिली कार्यशाळा ती मोफत घेईल असे सांगितले, तर ती माझ्यावरच रागावली. आधी परदेशी संस्थेचे दोन लाखांचे प्रमाणपत्र घ्यायला लावावे, की बँकेच्या परीक्षांना बसवावे? – एक पालक, चिंचवड

उत्तर : ई-मेलला उत्तर न येणे ही या व्यवसायात रोजची गोष्ट आहे, त्याची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती आपण तिला न विचारता दिलेल्या शब्दाची, आणि तिचा राग मला पूर्णपणे योग्य वाटतो. ज्या मुलीला उद्या पंचवीस अनुभवी माणसांसमोर उभे राहून त्यांच्या कपड्यांविषयी आणि वावराविषयी बोलायचे आहे, तिची त्या कंपनीतील पहिली ओळख ‘अमुक साहेबांची मुलगी’ अशी होणे तिच्या कामाला मारक आहे. शिवाय मोफत कामाची पर्चेस ऑर्डर निघत नाही आणि व्हेंडर म्हणून नोंदणीही होत नाही. अशा सत्राला शिफ्ट संपल्यानंतरची वेळ मिळते, त्या दिवशी जो रिकामा असेल तो पाठवला जातो, आणि पुढच्या वर्षी शुल्क सांगितले की ‘मागे तर काही घेतले नव्हते’ हे पहिले वाक्य ऐकावे लागते. तेव्हा आपण त्या परिचितांना फोन करून, शुल्काचे आणि विषयाचे मुलगी स्वतः बोलेल, माझे बोलणे धरू नका, एवढे स्पष्ट सांगावे.

प्रमाणपत्राबाबत आपला मोठा गैरसमज झाला आहे. हे काम करण्यासाठी आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही, आणि एचआरची माणसे प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आहे यापेक्षा आपण कोणाला शिकवले आणि त्यानंतर काय बदलले हे विचारतात. हॉटेलात प्रत्येक शिफ्टच्या आधी ब्रीफिंग होते, त्यात नखे, बूट, नावाची पट्टी, केस आणि घामाचा वास यांची रोज तपासणी होते. आपल्या मुलीने तीन वर्षे ही तपासणी दिली आहे आणि बहुधा नव्या मुलांची घेतलीही असेल. दोन लाखांच्या वर्गात तिला याहून उपयोगाचे फारसे मिळणार नाही. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात हा अनुभव यायला हवा.

ई-मेल वाया का गेले, याचे कारण मला वेगळे दिसते. कंपनीच्या सर्वसाधारण एचआर पत्त्यावर आलेले पत्र बहुतेक वेळा भरती पाहणाऱ्या माणसाकडे जाते, आणि ‘सर्व कर्मचाऱ्यांसाठी ग्रूमिंग’ ही कोणाच्याच टेबलावरची अडचण नसते. तिने एकच गट निवडावा, आणि भोसरीच्या कंपनीसाठी मी सर्व्हिस इंजिनिअरांचा गट सुचवेन. हा मुलगा सकाळी ग्राहकाच्या कारखान्यात यंत्राखाली शिरतो आणि दुपारी त्याच तेलकट शर्टात प्लान्ट हेडसमोर बसून दुरुस्तीचा खर्च सांगतो. ग्राहकाची नाराजी सर्व्हिस मॅनेजरला ऐकावी लागते, म्हणून गरजही त्याचीच असते. त्याने मागणी केली की एचआर प्रशिक्षणाच्या बजेटमधून ती भागवते. आधी अर्धा दिवस तिने इंजिनिअरांबरोबर एखाद्या ग्राहकाकडे जाण्याची परवानगी मागावी. तेथे कदाचित असे आढळेल की कंपनी गणवेशाचे दोनच जोड देते, आठवडा सहा दिवसांचा आहे आणि मुले राहतात त्या खोलीत इस्त्री नाही. असे असेल तर दोष मुलांच्या सवयीत नाही, आणि तिसऱ्या जोडाची शिफारस तिने प्रस्तावात नि:संकोच लिहावी. असे निरीक्षण लिहिणाऱ्या प्रशिक्षकाला पुन्हा बोलावले जाते.

प्रस्ताव दोन पानांचा पुरे. चार तासांच्या सत्रात बॅगेत ठेवायचा जादा शर्ट आणि हात स्वच्छ करण्याची पेस्ट, यंत्राजवळ अंगठी, कडे आणि गळ्यातली लोंबती ओळखपत्राची दोरी का नको, ग्राहकाच्या केबिनमध्ये शिरणे, बसणे, बोलणे, आणि शेवटी जोडीजोडीने सराव, एवढेच असावे. महिन्याने सर्व्हिस मॅनेजरने भरायची आठ-दहा ओळींची निरीक्षण यादी सोबत जोडावी, म्हणजे काय बदलले ते दाखवता येते. रंग, वजन, उंची, दाढी, पगडी, टिकली, मंगळसूत्र यांवर मात्र तिने शेरा मारू नये. सुरक्षेसाठी एखादा नियम असेल तर तो कंपनीच्या लेखी धोरणातून वाचून दाखवावा. टाय किंवा कॉलर नीट करून दाखवायची असेल तर ती स्वतःची किंवा पुतळ्याची करावी, कोणाच्या अंगाला हात लावू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाच्या वर्तनालाही लागू होऊ शकतो, याची तिला जाणीव असावी.

शुल्क माणशी न सांगता बॅचमागे सांगावे, कारण ऐनवेळी पंचवीसांपैकी सोळाच येतात. सुरुवातीला मी १८,००० रुपये सुचवेन, आणि त्यात आधीची पाहणी व महिन्यानंतरची भेट दोन्ही धरावीत. वर्षभराचे एकूण शुल्क करकपातीच्या मर्यादेपलीकडे गेले तर कंपनी १० टक्के टीडीएस कापेल, म्हणजे १६,२०० हातात येतील. कापलेले १,८०० विवरणपत्र भरताना हिशेबात धरले जातात. छपाई आणि प्रवासाचे सुमारे दोन हजार वजा केले तर जवळपास तीन दिवसांच्या कामाचे १४,२०० रुपये राहतात. यापेक्षा खाली गेल्यास तिने पाहणीला वेळ देणे बंद केले तर नवल नाही, आणि मग कार्यशाळेत राम उरणार नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेतोवर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, मात्र तसे लेखी घोषणापत्र मागितले जाते.

पैसे वेळेवर मिळण्यासाठी तिने सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी आत्ताच करावी, ती मोफत आणि ऑनलाइन होते. सूक्ष्म उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकते करावे लागते, आणि उशीर होऊन आर्थिक वर्ष संपेपर्यंत पैसे न दिल्यास कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा करता येत नाही, त्यामुळे लेखा विभाग अशा बिलांकडे लक्ष देतो. पर्चेस ऑर्डर हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नये, आणि तीन दिवसांच्या आत सत्र रद्द झाल्यास निम्मे शुल्क ही अट प्रस्तावातच असावी.

तारखेचेही भान हवे. भोसरी-चिंचवड भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवारची तारीख देणारा प्रशिक्षक बाहेरचा वाटतो. गेटवर लॅपटॉपची नोंद होते, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागते, पेन ड्राइव्ह आत नेता येत नाही. तेव्हा सादरीकरण एचआरला आदल्या दिवशीच मेल करावे, आणि शॉप फ्लोअरवरून जायचे असल्यास बंद, सपाट बूट घालावेत. कॅम्पसमधून घेतलेली मुले साधारण जुलै-ऑगस्टमध्ये रुजू होतात, तर प्रशिक्षणाचे बजेट एप्रिलपूर्वी ठरते. म्हणून नव्या मुलांच्या सत्रासाठी तिने फेब्रुवारीतच भेटी घ्याव्यात.

बँकेच्या परीक्षा ती मनापासून देणार असेल तरच द्याव्यात. तिचा जीव त्यात नाही हे आपल्या पत्रावरूनच दिसते. प्रमाणपत्रासाठी काढून ठेवलेले पैसे तिच्या वर्षभराच्या प्रवासाला आणि खर्चाला द्या. आणि त्या परिचितांकडून फक्त सर्व्हिस मॅनेजरचे नाव आणि भेटीची वेळ मिळवून द्या. भेटीला ती एकटीच जाईल.