वाढदिवसाची व्हॉइस नोट वाचल्यासारखी वाटू नये म्हणून

ताईच्या वाढदिवसाच्या एका मिनिटाच्या व्हॉइस नोटसाठी तू पाठवलेली स्क्रिप्ट बघितली, भावना एकदम खऱ्या आहेत पण ती निबंधाची भाषा झालीये. एका मिनिटात आरामात बोललं तर साधारण १२० शब्द बसतात, तुझे २०० आहेत, म्हणजे तू धावत वाचणार आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळणार.

आता हे वाक्य बघ, "तू माझ्या आयुष्यात आल्यापासून माझे जीवन आनंदाने भरून गेले आहे." ताई समोर असती तर असं म्हणाला असतास का? त्याऐवजी एकच प्रसंग घे, "ताई, तुला आठवतंय का, मी नापास झालो तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, नुसती शेजारी येऊन बसलीस... ते ना, मी अजून विसरलो नाहीये." "झाले आहे"चं "झालंय" कर, "गेले"चं "गेलं", बोलतोस तसंच लिही, आणि प्रसंग एकच ठेव, तीन घेतलेस की यादी होते.

मग पूर्ण वाक्यं खोडून टाक आणि कागदावर फक्त चार शब्द ठेव: हाक, नापास, शेजारी, शुभेच्छा. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ कर, कारण अडखळायला तिथेच होतं, मधलं आठवेल तसं बोल. प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात खाली पडत असेल तर समज अजून पाठच म्हणतोयस, तेव्हा थोडं थांब, तिचा चेहरा डोळ्यासमोर आण आणि परत बोल. मध्ये एखादं "म्हणजे" किंवा छोटा श्वास आला तर राहू दे, तो कापू नकोस.